किंमत पावतीवर लिहिली होती, तरी नाजूक पार्सल फुटले: कुरिअरकडून भरपाई मागण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चवथीच्या आसपास आणि लग्नसराईत हे प्रश्न हमखास येतात. कोणाची समई वाकलेली असते, कोणाच्या तसबिरीची काच गेलेली असते, कोणाची शाडूची मूर्ती दुखावलेली असते. जवळजवळ प्रत्येकाचे पहिले वाक्य एकच असते: "आम्ही तर किंमत सांगितली होती." म्हणून या पानावर फक्त त्याच परिस्थितीबद्दल लिहिले आहे. बुकिंगच्या वेळी किंमत जाहीर केली, वस्तू फुटणारी होती आणि ती फुटून पोचली.

समजायला सोपे जावे म्हणून एकच प्रकरण सगळीकडे वापरले आहे. ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत. म्हापशाच्या एका काकूंनी पुण्यातल्या भाचीच्या नव्या घरासाठी हाताने रंगवलेल्या १२ टायलींचा अझुलेजो फलक लाकडी चौकटीत बसवून घेतला. चित्रकाराचे बिल १८,००० रुपयांचे. कुरिअरची पावती अशी: मूळ भाडे ६४०, जोखीम शुल्क किमतीच्या २ टक्के म्हणजे ३६०, त्यावर १८ टक्के जीएसटी १८०, एकूण १,१८० रुपये. बुकिंग ३ जूनला, डिलिव्हरी ७ जूनला. उघडून पाहिले तर पाच टायली फुटलेल्या आणि चौकटीचा एक सांधा निखळलेला.

१. पावतीवर किंमत लिहिली म्हणजे पार्सलचा विमा झाला ना?

नाही. सर्वात जास्त लोक इथेच फसतात. पावतीवरचा किमतीचा रकाना जीएसटी, ई-वे बिल यांसारख्या कामांसाठीही लागतो. तो भरल्याने तुमच्या वस्तूची किंमत कंपनीला कळली, एवढेच सिद्ध होते. जोखीम कोणी घेतली ही गोष्ट वेगळी, आणि ती वेगळे शुल्क भरल्यावरच ठरते.

कुरिअरच्या भाषेत याचे दोन प्रकार आहेत, ओनर्स रिस्क आणि कॅरिअर्स रिस्क. ओनर्स रिस्कमध्ये फुटण्याची जोखीम मालकाची राहते आणि कंपनी एका ठरावीक मर्यादेपुरतीच बांधील असते. कॅरिअर्स रिस्कमध्ये तुम्ही किमतीच्या प्रमाणात जास्त पैसे भरता आणि कंपनी जाहीर किमतीपर्यंत जबाबदारी घेते. काही ठिकाणी या शुल्काला एफओव्ही म्हणतात. दर कंपनीगणिक बदलतो. काकूंच्या पावतीवर तो २ टक्के होता.

कॅरिअर्स रिस्क हासुद्धा विमा नव्हे. कंपनीने स्वतःच्या जबाबदारीची वाढवलेली मर्यादा, असे त्याचे स्वरूप आहे. विमा कंपनीची पॉलिसी घेतली असेल तर तिचा दावा विमा कंपनीकडे करायचा आणि त्यासाठी कुरिअरकडून नुकसानीचा दाखला घ्यायचा. ट्रान्सपोर्टवाले त्याला सर्टिफिकेट ऑफ फॅक्ट्स म्हणतात.

२. माझ्याकडून ते शुल्क घेतले की नाही, हे पावतीवरून कसे ओळखू?

भाड्याच्या खालच्या ओळी वाचा. रिस्क सरचार्ज, एफओव्ही, व्हॅल्यू चार्ज किंवा नुसते आर.एस. अशा नावाखाली वेगळी रक्कम असेल तर तिला जाहीर किमतीने भागून पहा. १८,००० वर ३६० म्हणजे २ टक्के. अशा प्रमाणात रक्कम असेल तर बहुधा कॅरिअर्स रिस्क आहे. १८,००० वर ३६ रुपयेच दिसत असतील तर ते बहुधा ओनर्स रिस्कचे नाममात्र शुल्क आहे. बरेच जण ही ३६ रुपयांची ओळ पाहून "विमा काढला" असे समजून बसतात. शिवाय पावतीवर दोन चौकटी छापलेल्या असतात. टिक कुठल्या चौकटीत आहे ते पहा. टिकच नसेल तर घेतलेली रक्कम बोलते.

काउंटरवरची पावती हरवली असेल तर कंपनीच्या ईमेलवर डॉकेट नंबर, म्हणजे पार्सलचा ट्रॅकिंग नंबर, देऊन तिची प्रत मागा. हे फुटल्याचे कळताच, पहिल्याच दिवशी करा.

३. शुल्क भरलेच नव्हते. मग काहीच मिळणार नाही का?

मिळते, पण मर्यादित. कॅरेज बाय रोड ॲक्ट, २००७ या कायद्यात 'कॉमन कॅरिअर'च्या व्याख्येतच घरपोच माल नेणाऱ्या कुरिअर एजन्सीचा समावेश आहे. या कायद्याखालच्या २०११ च्या नियमांप्रमाणे, ग्राहकाने जादा जोखीम दर भरलेला नसेल तर वाहकाची जबाबदारी भाड्याच्या दहापट रकमेपुरती असते, आणि ती रक्कम जाहीर किमतीपेक्षा जास्त होऊ शकत नाही.

काकूंनी ते ३६० रुपये भरले नसते तर हिशोब असा झाला असता: मूळ भाडे ६४०, त्याची दहापट ६,४००. नुकसान १०,५०० चे असले तरी कायद्याने हक्काने मागता येणारी रक्कम ६,४०० वर थांबली असती. ३६० रुपये भरल्यामुळे मर्यादा १८,००० वर गेली.

याच कायद्यात आणखी एक तरतूद आहे, जी काउंटरवर क्वचितच कोणाला माहीत असते. जादा जोखमीचा दर काय आहे, याची सूचना इंग्रजीत आणि राज्याच्या भाषेत व्यवसायाच्या जागी लावणे वाहकावर बंधनकारक आहे. ती लावलेली नसेल आणि बुकिंग करणाऱ्याने हा पर्याय सांगितलाच नसेल, तर काउंटरचा फोटो काढून ठेवा. त्यामुळे मर्यादा आपोआप उठत नाही. पण "ग्राहकाला निवड दिली होती" हा कंपनीचा युक्तिवाद त्याने बराच लंगडा होतो.

४. खोके दारात आले आहे आणि आतून खळखळ आवाज येतोय. घ्यावे की परत पाठवावे?

आमचे मत: घ्या, पण शेरा मारून घ्या. परत पाठवलेले खोके पुन्हा तेवढेच हात आणि तेवढेच हब फिरून येते. मग नुकसान जाताना झाले की येताना, हा नवा वाद उभा राहतो. पुरावाही तुमच्या हातातून जातो.

पूर्वी डिलिव्हरीच्या पोचपावतीवर सहीशेजारी लिहिता यायचे. आता डिलिव्हरीचा मुलगा मोबाइलवर बोटाने सही घेतो किंवा ओटीपी विचारतो, आणि शेरा लिहायला जागाच नसते. अशा वेळी तो दारात उभा असतानाच खोक्याचा लेबलसकट फोटो काढा. लगेच, त्याच तासात, कंपनीला ईमेल किंवा ॲपवर तक्रार टाका: "डॉकेट नंबर अमुक, खोके उजव्या कोपऱ्यात दबलेले, आतून फुटक्याचा आवाज, न उघडता स्वीकारले." पुण्याच्या भाचीने हेच केले. पुढे सगळ्या पत्रव्यवहारात ही दोन ओळींची ईमेल सर्वात कामी आली, कारण तिच्यावर वेळ होती आणि ती खोके उघडण्याआधीची होती.

मुलाशी वाद घालू नका. तो रोज शंभर खोकी वाटतो, फोडणारा तो नव्हे.

५. उघडताना पुरावा कसा ठेवायचा? व्हिडिओ नसेल तर दावा गेला का?

व्हिडिओ नसला तरी दावा जात नाही, असला तर सोपा होतो. व्हिडिओ एकसलग हवा. लेबलवरचा नंबर वाचता येईल असा सुरू करा, खोके सहाही बाजूंनी फिरवून दाखवा, मग टेप कापा.

फोटोंमध्ये लोक फक्त फुटलेली वस्तू काढतात. कंपनीचा तपासणारा मात्र खोके आणि आतली भर पाहतो. बाहेरच्या खोक्याचा दबलेला कोपरा, आतला बबल रॅप किंवा थर्माकोल, वस्तू आणि खोके यांच्यातली जागा, तुकडे जसे पडले होते तसे, हे सगळे फोटोत यायला हवे. खोक्यावर दुसऱ्याच रंगाची टेप किंवा दुहेरी टेप दिसली तर तिचा जवळून फोटो घ्या. वाटेत कुठेतरी खोके फाटून पुन्हा बांधले गेल्याची ती खूण असते. पावसात पुठ्ठा ओला होऊन मऊ पडतो. सुकल्यावर त्यावर पाण्याच्या रेषा राहतात, त्याही टिपून ठेवा.

आणि काही टाकू नका. तुकडे, भर, खोके, सगळे एका पोत्यात बांधून कंपनीची तपासणी होईपर्यंत ठेवा. घरात अडगळ होते म्हणून खोके भंगारवाल्याला दिले, आणि आठवड्याने कंपनीचा माणूस ते पाहायला आला, हा किस्सा आम्ही पुष्कळदा ऐकलाय.

६. कंपनी म्हणते, "तुमचे पॅकिंगच अपुरे होते." यावर काय उत्तर द्यावे?

दावे नाकारण्याचे हे सर्वात लाडके कारण आहे, आणि कधीकधी ते खरेही असते. म्हणून आधी आपल्याशी प्रामाणिक राहून नुकसानीचा नमुना पहा.

बाहेरचे खोके एका कोपऱ्यात आत गेलेले आहे आणि नेमका त्याच बाजूचा माल फुटला आहे, तर खोके आपटले किंवा त्यावर जड काही पडले, असे म्हणायला भक्कम आधार आहे. बाहेरचे खोके अगदी कोरे आहे, एकही चुणी नाही, आणि आतल्या वस्तू एकमेकींवर आपटून फुटल्या आहेत, तर कंपनीचा मुद्दा जड होतो. कारण वाहतुकीत थोडेफार हादरे बसणारच आणि ते झेलायला भर हवी होती. काकूंच्या खोक्याचा खालचा उजवा कोपरा आत दबला होता. फुटलेल्या पाचही टायली खालच्या उजव्या बाजूच्या, आणि निखळलेला सांधाही तिथलाच. फोटोंमध्ये हे एका नजरेत दिसत होते.

दुसरा मुद्दा कायद्याचा आहे. वाहकाविरुद्धच्या दाव्यात त्याचा निष्काळजीपणा तुम्ही सिद्ध करावा लागत नाही. माल चांगल्या स्थितीत दिला आणि फुटून पोचला, एवढे दाखवले की पुढचे स्पष्टीकरण वाहकाने द्यायचे. जुन्या १८६५ च्या कॅरिअर्स ॲक्टमध्येही हे तत्त्व होते. ते ग्राहक मंचांपुढेही लागू होते, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली पटेल रोडवेज विरुद्ध बिर्ला यामाहा या प्रकरणात सांगितले. २००७ च्या कायद्यानेही ते कायम ठेवले आहे. म्हणून पॅकिंग अपुरे होते असे कंपनी म्हणत असेल, तर "कशावरून, तपासणीचा अहवाल द्या" असे लेखी विचारा.

पॅकिंग कंपनीच्याच काउंटरवर पैसे घेऊन झाले असेल, तर हे कारण त्यांना उरतच नाही. त्या पैशांची ओळ पावतीवर आहे का ते पहा. आणि 'फ्रॅजाइल'चा लाल स्टिकर हा पॅकिंगचा भाग नव्हे. तो पाहून हबमधला कोणी थबकत नाही. टायली किंवा काच पाठवायची तर ती आडवी न ठेवता कडेवर उभी ठेवावी, चारही बाजूंनी निदान चार बोटे भर द्यावी आणि ते खोके दुसऱ्या मोठ्या खोक्यात घालावे. त्या वेळी काढलेले दोन फोटो पुढे शंभर शब्द वाचवतात.

७. दावा कोणाकडे करायचा आणि सोबत कोणते कागद लागतात?

काउंटरवाल्याला फोन करणे म्हणजे दावा करणे नव्हे. कंपनीच्या मुख्य ग्राहकसेवा ईमेलवर लेखी तक्रार करा, तिची प्रत बुकिंग केलेल्या शाखेला द्या आणि तक्रारीचा नंबर घ्या. किती दिवसांत कळवावे, ही मुदत कंपनीच्या अटींत असते. कुठे ती एक-दोन दिवसांचीही असते. म्हणून पहिली तक्रार २४ तासांतच टाकावी. आकडे आणि कागद मागाहून दिले तरी चालतात.

मग क्लेम फॉर्म येतो. त्यासोबत बुकिंगची पावती, वस्तूचे बिल, फोटो आणि व्हिडिओ, दुरुस्तीचा अंदाज आणि पैसे जमा व्हायला रद्द केलेला चेक द्यावा लागतो. मूळ पावती मागितली तर तिची प्रत ठेवूनच द्या, आणि दिल्याची पोच घ्या.

८. पूर्ण १८,००० मागायचे की फक्त फुटलेल्या भागाचे?

जाहीर किंमत ही कमाल मर्यादा आहे, बक्षीस नव्हे. मागायचे ते झालेले नुकसान. ते कसे मोजायचे यावरच खरी घासाघीस होते.

काकूंना कंपनीने आधी ७,५०० देऊ केले. १२ पैकी ५ टायली, म्हणून १८,००० चे पाच भागिले बारा. ऐकायला बरोबर वाटते, पण हातरंगाच्या फलकाला हा हिशोब लागू पडत नाही. नव्या टायली वेगळ्या भट्टीत भाजल्या की निळ्या रंगाची छटा जुन्या टायलींशी जुळेलच असे नाही. म्हणून आधी नमुन्याची टायल भाजून रंग जुळवावा लागतो. चित्रकाराने दिलेला लेखी अंदाज असा होता: पाच टायली रंगवून भाजणे ७,५००, रंग जुळवण्याचे नमुने १,२००, चौकट उकलून पुन्हा बसवणे १,८००, एकूण १०,५००. काकूंनी हे १०,५०० आणि भाड्याचे १,१८० असे ११,६८० रुपये मागितले.

दुरुस्ती शक्यच नसती, उदाहरणार्थ एकच मोठी काचेची कलाकृती तडकली असती, तर पूर्ण किंमत मागणे योग्य. मात्र तेव्हा कंपनी फुटलेली वस्तू ताब्यात मागू शकते.

भाडे वाचवायला किंमत कमी सांगितली असेल, म्हणजे १८,००० चा माल ५,००० चा लिहिला असेल, तर वर जाता येत नाही. उलट ५,००० ची वस्तू ५०,००० ची लिहून काही मिळत नाही, कारण नुकसान बिलाने दाखवावे लागते.

९. वस्तू मी स्वतः घडवली आहे किंवा ती जुनी आहे. बिल कुठून आणू?

कच्च्या मालाची बिले, अशाच वस्तूच्या आधीच्या विक्रीची नोंद, किंवा त्या कामातल्या दुसऱ्या कारागिराचा लेखी अंदाज चालतो. आजीची पितळी हंडी भावनेने कितीही मोलाची असली तरी भरपाई बाजारभावानेच होते. हे कडू आहे, पण आधीच सांगितलेले बरे.

१०. "१८० दिवसांत नोटीस" हे काय प्रकरण आहे? मी तर ईमेल केलीच आहे.

२००७ च्या कायद्याच्या कलम १६ प्रमाणे, वाहकाविरुद्ध दावा दाखल करण्यापूर्वी बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांत त्याला लेखी नोटीस द्यायला हवी. मुदत डिलिव्हरीपासून किंवा कंपनीच्या शेवटच्या उत्तरापासून मोजत नाहीत. काकूंचे बुकिंग ३ जूनचे, म्हणजे शेवटचा दिवस ३० नोव्हेंबर.

ही मुदत चुकण्याचे कारण जवळजवळ नेहमी एकच असते. कंपनी "तपास चालू आहे, दहा दिवस द्या" असे गोड बोलत राहते आणि महिने निघून जातात. बोलणी चालू आहेत म्हणून मुदत थांबत नाही.

तुमच्या ईमेलमध्ये डॉकेट नंबर, नुकसानीचे वर्णन आणि मागणीची रक्कम असेल तर ती नोटीस ठरू शकते, पण त्यावर विसंबू नका. स्पीड पोस्टने एक साधे पत्र कंपनीच्या नोंदणीकृत कार्यालयाला पाठवा आणि पोच जपून ठेवा. वकील असायलाच हवा असे नाही. काकूंचे पत्र एका पानाचे होते: काय पाठवले, किती किंमत जाहीर केली, जोखीम शुल्क किती भरले, काय फुटले, किती रक्कम हवी, किती दिवसांत.

११. पावतीच्या मागे बारीक अक्षरात "कमाल जबाबदारी अमुक रुपये" असे छापले आहे. मग संपलेच ना?

दोन्ही बाजूंनी निकाल आहेत, म्हणून घाईने हार मानू नका आणि फाजील भरवसाही ठेवू नका. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये भारती निटिंग कंपनी विरुद्ध डीएचएल या प्रकरणात, ग्राहकाने सही केलेल्या पावतीवरची १०० डॉलरची मर्यादा मान्य केली. सही करून दिलेली अट बांधते, हा त्याचा गाभा. दुसरीकडे, न वाचता येणाऱ्या, न समजावलेल्या आणि सही नसलेल्या अटी ग्राहकावर लादता येत नाहीत, असेही ग्राहक आयोगांनी अनेकदा धरले आहे.

तुमच्या बाबतीत मात्र मुद्दा याहून सोपा आहे. किंमत जाहीर करून त्यावर टक्केवारीने पैसे घेतले असतील, तर ती छापील मर्यादा सर्वसाधारण पार्सलसाठी होती आणि तुम्ही जादा दर भरून तिच्याबाहेर गेलात, असे म्हणा. नाहीतर ते ३६० रुपये कशाचे, हा प्रश्न कंपनीला लेखी विचारा. याचे नीट उत्तर आम्ही अजून पाहिलेले नाही.

१२. कंपनी थोडे पैसे देतेय, पण 'फुल अँड फायनल' कागदावर सही मागते. करू का?

रक्कम पटत असेल तर करा. पटत नसेल तर त्या सहीने पुढचा दावा जवळपास बुडतो. मधला मार्ग असा: "ही रक्कम माझे उरलेले हक्क राखून, निषेधासह स्वीकारत आहे" असे सहीवर लिहून द्या किंवा त्याच दिवशी तशी ईमेल करा. कंपनी अशा शेऱ्यासह पैसे द्यायला नकार देऊ शकते. त्या नकाराची ईमेलही पुढे उपयोगी पडते.

काकूंना नोटिशीनंतर १०,५०० मिळाले, भाडे मिळाले नाही. १,१८० साठी आयोगात जाण्याची त्यांची इच्छा नव्हती, म्हणून त्यांनी सही केली. आम्हालाही ते शहाणपणाचे वाटले.

१३. कंपनी दादच देत नाही. गोव्यात कुठे जायचे आणि खर्च किती?

आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. तिथून आदेश निघत नाही, पण मध्यस्थी होते आणि पुष्कळ मोठ्या कंपन्या त्यांच्या पत्राला उत्तर देतात.

त्याने काम झाले नाही तर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. गोव्यात उत्तर गोवा आणि दक्षिण गोवा यांचे वेगळे आयोग आहेत. तक्रार e-jagriti.gov.in वरून घरबसल्याही दाखल करता येते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात कार्यक्षेत्र आणि शुल्क तुम्ही सेवेसाठी मोजलेल्या पैशांवर ठरते, नुकसानीवर नव्हे. काकूंनी मोजले १,१८० रुपये. पाच लाखांपर्यंत शुल्कच नाही, म्हणजे कुरिअरची बहुतेक प्रकरणे फुकट दाखल होतात. मुदत, नुकसान झाल्यापासून दोन वर्षे. वकील सक्तीचा नाही.

"न्यायक्षेत्र फक्त मुंबई" असे पावतीवर छापले असले तरी, तुम्ही जिथे राहता तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करायची मुभा याच कायद्याने दिली आहे. लवादाची अट असली तरी ग्राहक आयोगाचा रस्ता बंद होत नाही. "आम्ही फक्त फ्रँचायझी आहोत" असे काउंटरवाला सांगत असेल, तर कंपनी आणि फ्रँचायझी दोघांनाही विरुद्ध पक्ष करा. मग कोण जबाबदार हे ते आपसांत ठरवोत.

नोटीस मिळाल्यावर कंपनीला उत्तरासाठी ३० दिवस आणि फार तर आणखी १५ दिवस मिळतात. त्यानंतर तिचे म्हणणे घेतले जात नाही. लहान रकमांत कंपन्या याच टप्प्यावर तडजोडीला येतात. मानसिक त्रासाबद्दल आयोग काही रक्कम देतो, पण ती थोडी असते. "भाचीच्या वास्तुशांतीला भिंत मोकळी राहिली" याचे वेगळे पैसे धरून बसू नका.

१४. दावा पाठवणाऱ्याने करायचा की ज्याला पार्सल मिळाले त्याने?

करार पाठवणाऱ्याशी झालेला असतो आणि प्रश्न १० मधली नोटीसही पाठवणाऱ्याच्याच नावाने गेलेली बरी. पुरावा मात्र घेणाऱ्याकडे असतो. म्हणून भाचीने फोटो आणि ईमेल केली, दावा काकूंनी केला. पाठवणाऱ्याच्या संमतीने सेवेचा लाभ घेणारा म्हणून पार्सल मिळालेली व्यक्तीही ग्राहक आयोगात जाऊ शकते. दोघांनी मिळून तक्रार केली तर प्रश्नच उरत नाही.

१५. माझे दुकान आहे, माल ग्राहकाला पाठवला होता. मी 'ग्राहक' ठरतो का?

व्यापारी हेतूने घेतलेली सेवा ग्राहक कायद्यातून वगळली आहे. स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः राबून चालवलेला धंदा हा त्याला अपवाद. घरी चित्रे रंगवून विकणारी व्यक्ती त्यात बसू शकते, चार नोकरांचे दुकान बसणे अवघड. बसला नाहीत तर दिवाणी न्यायालय आहे. तिथे मालाचे नुकसान केल्याबद्दल वाहकाविरुद्धच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत असते. १८० दिवसांची नोटीस तिथेही हवीच.

१६. पार्सल पोस्टाने पाठवले होते. हेच नियम लागू होतात का?

नाही. २००७ च्या कायद्यातील वाहकाच्या व्याख्येतून सरकार वगळले आहे. पोस्टाला पोस्ट ऑफिस ॲक्ट, २०२३ लागू होतो आणि त्यात जबाबदारीतून मोठी सूट आहे. पोस्टाने नाजूक वस्तू पाठवायची तर बुकिंगच्या वेळीच इन्शुअर्ड पार्सल करा.

१७. गोव्यातून लिस्बनला किंवा दुबईला पाठवलेली वस्तू फुटली तर?

विमानाने परदेशी जाणाऱ्या मालाला बहुतेक वेळा मॉन्ट्रियल करार लागू होतो. त्यात भरपाईची मर्यादा किमतीवर नसून वजनाच्या प्रत्येक किलोवर असते. पाठवताना विशेष किंमत जाहीर करून जादा शुल्क भरले असेल तरच ती मर्यादा उठते. हलक्या पण महाग वस्तूला हे फार जाचक ठरते. दोन किलोच्या काचेच्या दिव्याची मर्यादा त्याच्या किमतीच्या जवळपासही पोचत नाही.

फुटल्याची लेखी तक्रार माल मिळाल्यापासून १४ दिवसांत हवी. ती चुकली तर, फसवणूक सोडल्यास, दावाच बंद होतो. म्हणून परदेशातल्या नातेवाइकाला आधीच सांगून ठेवा की खोके मिळाल्यावर ते सुट्टीपर्यंत कोपऱ्यात न ठेवता त्याच दिवशी उघडायचे.